एक प्रसंग, दोन फोन

कीर्तन एकच, पण ते टिपणारे फोन दोन. एक बुवांच्या समोर ट्रायपॉडवर लावलेला, दुसरा सभामंडपाच्या टोकाला ओट्यावर ठेवलेला. घरी येऊन दोन्ही फाइली संगणकावर घेतल्या, की पहिला प्रश्न येतो तो असा : मागच्या फोनमधला नेमका कोणता क्षण पुढच्या फोनमधल्या कोणत्या क्षणाशी लावायचा? हे ठरल्याशिवाय एका चित्रावरून दुसऱ्यावर जाता येत नाही. गेलो तर बुवांचा हात वर जाता जाता पुन्हा खाली दिसतो, किंवा तबल्यावर थाप पडायच्या आधीच तिचा आवाज येतो. हे पुस्तक या एका प्रश्नाचे आहे.

फाइलवर लिहिलेली वेळ इथे फारशी उपयोगी पडत नाही. ती फार तर सेकंदापर्यंत अचूक असते आणि एका सेकंदात साधारण तीस चित्रे असतात. शिवाय दोन फोनांची घड्याळे एकमेकांशी तंतोतंत जुळलेली नसतात. त्यामुळे फाइलच्या वेळेवरून आपण मुक्कामाच्या गावी पोचतो, घर मात्र विचारतच जावे लागते. माणसाचे कान-डोळे किती चूक चालवून घेतात याचा एक ठोकताळा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणविषयक शिफारशीत दिलेला आहे. आवाज चित्राच्या सुमारे 45 मिलिसेकंद आधी आला, तर प्रेक्षकाला तो खटकायला लागतो. उशिरा आला, तर सुमारे 125 मिलिसेकंदांपर्यंत ध्यानात येत नाही. हा दुजाभाव निसर्गानेच शिकवलेला आहे. दूरच्या विहिरीवरचा धोबी कपडे आपटताना आधी दिसतो, मग ऐकू येतो. याच्या उलट आपण कधी अनुभवलेले नसते. म्हणून जुळवणी करताना चूक राहणारच असेल, तर आवाज मागे राहू द्यावा, पुढे जाऊ देऊ नये.

या कामाचा इतिहास बोलपटाइतकाच जुना आहे. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागलेल्या ‘आलम आरा’चे ध्वनिमुद्रण तानार यंत्रावर झाले. त्यात चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर उतरत. जुळवणीचा प्रश्नच नव्हता, पण संकलनात हात बांधलेले राहत. पुढे आवाज वेगळ्या यंत्रावर घ्यायची पद्धत रूढ झाली. मोकळीक मिळाली आणि तिच्याबरोबर हे कोडे आले. त्यावरचा उपाय म्हणजे क्लॅप. पाटीवर दृश्य आणि टेकचा आकडा लिहायचा, वरची पट्टी खाली आपटायची. संकलक पट्ट्या मिटलेली फ्रेम शोधे, आवाजाच्या पट्टीवर ‘टक्’ शोधे आणि दोन्ही एकमेकांसमोर आणून ठेवी.

पण सुरुवात जुळली म्हणून शेवट जुळेलच असे नसते. कॅमेरा आणि टेपरेकॉर्डर एकाच गतीने चालले पाहिजेत. आधी त्यासाठी दोघांमध्ये केबल टाकत. 1960 साली अमेरिकेतल्या एका निवडणुकीवरचा ‘प्रायमरी’ हा माहितीपट करणाऱ्या मंडळींनी ट्यूनिंग फोर्कवर चालणाऱ्या बुलोव्हा अ‍ॅक्युट्रॉन घड्याळाच्या ठोक्यावर दोन्ही यंत्रे चालवून ती केबल तोडायचा प्रयत्न केला. नंतर ते काम क्वार्ट्‌झ स्फटिकांकडे गेले आणि त्यानंतर टाइमकोड आला. त्यात प्रत्येक फ्रेमला तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम असा आपला क्रमांक मिळतो. दोन यंत्रांचे टाइमकोड सकाळी एकदा जुळवले, की संध्याकाळी क्रमांक बघून लावता येते.

म्हणजे या क्षेत्रात ढोबळमानाने तीन घराणी आहेत. पहिले क्लॅपचे, म्हणजे डोळ्याला आणि कानाला एकाच वेळी मिळालेल्या खुणेवर विसंबणारे. दुसरे घड्याळाचे. तिसरे सर्वांत तरुण, ते फक्त दोन आवाज एकमेकांशी ताडून पाहते. घड्याळाच्या घराण्याची अट अशी, की यंत्रांची आधी ओळख करून दिलेली हवी. लग्नात मामांनी घेतलेला आणि मावशींनी घेतलेला व्हिडिओ या अटीत बसत नाही. म्हणून फोनच्या बाबतीत पहिले आणि तिसरे घराणेच कामाचे. तिसऱ्याला हौशी लोकांपर्यंत आणले ते 2010 च्या सुमारास प्लुरलआइज या छोट्या सॉफ्टवेअरने. आज ते बंद झाले आहे, कारण तीच सोय बहुतेक संकलन-सॉफ्टवेअरांनी पोटात घेतली. फुकट मिळणाऱ्या केडेनलाइव्हमध्ये `Set Audio Reference` आणि `Align Audio to Reference` या दोन आज्ञांत ते होते. डाव्हिंची रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइनवरच्या क्लिप निवडून `Auto Align Clips` मधून `Based on Waveform` म्हणायचे. एका क्लिकचे काम. तरीही या विषयावर अख्खे पुस्तक का, ते एका उदाहरणातच सांगतो.

आधी तो क्लिक काय करतो ते पाहू. आवाज म्हणजे संगणकाच्या लेखी आकड्यांची रांग, फोनमध्ये बहुधा सेकंदाला 48,000 आकडे. दोन रांगा शेजारी ठेवायच्या, समोरासमोरच्या आकड्यांचे गुणाकार करून बेरीज घ्यायची, मग एक रांग एक घर सरकवून पुन्हा तेच. लाटेचे शिखर शिखरासमोर आणि दरी दरीसमोर आली, की बेरीज एकदम मोठी होते. जिथे सर्वांत मोठी, तिथे जुळणी. दोन तासांच्या फाइलीत चौतीस कोटींवर आकडे असतात, त्यामुळे असे एकेक घर सरकत बसणे संगणकालाही परवडत नाही. 1965 साली कूली आणि ट्युकी यांनी मांडलेल्या फूरिए गणिताच्या जलद रीतीमुळे हे काम आवाक्यात आले. काही सॉफ्टवेअर पूर्ण लाट न घेता फक्त तिचा चढउतार ताडून पाहतात, काही आवाजातल्या ठळक स्वरखुणा. तपशील वेगळे, तत्त्व तेच.

या रीतीचा एक मोठा गुण आहे. तिला फोनच्या दर्जाशी फारसे देणेघेणे नसते. मागच्या फोनने आवाज आपोआप वाढवला असेल, घुमारा धरला असेल, शेजारच्या आजींचा खोकलाही घेतला असेल, तरी दोन्हींत समान असलेले पुरेसे मोठे असले की जुळणी सापडते. आणि एक मोठा दोष आहे, तो आपल्याकडच्या संगीतात हटकून भेटतो. केरव्याचा ठेका दोन सेकंदांच्या आवर्तनात चालला असेल, तर बरोबर जागेपासून दोन सेकंद सरकूनही लाटा जवळजवळ तितक्याच जुळतात. भजनाचा छोटा तुकडा देऊन जुळणी करायला सांगितली, तर सॉफ्टवेअर मोठ्या आत्मविश्वासाने एक आवर्तन चुकते. ढोल-ताशाचे पथक टिपताना तर हे फार होते. उपाय सोपा. ताडून पाहायला बोलण्याचा भाग द्यावा. बुवांचे वाक्य पुन्हा तसेच्या तसे येत नाही. म्हणून निरूपणावर केलेली जुळणी भजनावर केलेल्या जुळणीपेक्षा भरवशाची.

आता उदाहरण. नारदीय कीर्तन, संध्याकाळची वेळ, हवा साधारण 28 अंशांची. पुढचा फोन बुवांपासून 3 मीटरवर, मागचा 38 मीटरवर. दोन्ही फोन सुरू झाल्यावर बुवांच्या जागी उभे राहून एकाने टाळी दिली. मंडपातला माइक तेव्हा बंद होता. पुढच्या फोनमध्ये टाळीचा आवाज 1 मिनिट 12.480 सेकंदांवर सापडला, मागच्यात 47.915 सेकंदांवर. वजाबाकी 24.565 सेकंद. वेव्हफॉर्मच्या हिशेबाने मागचा फोन पुढच्याच्या इतक्या वेळाने सुरू झाला.

पण या हवेत आवाज सेकंदाला सुमारे 348 मीटर जातो. पुढच्या फोनपर्यंत तो 9 मिलिसेकंदांत पोचला, मागच्यापर्यंत 109 मिलिसेकंदांत. प्रकाशाला मात्र दोन्हीकडे वेळ लागलाच नाही. म्हणजे चित्रात हात एकमेकांवर आले ते पुढच्या फोनच्या 72.471 सेकंदांवर आणि मागच्याच्या 47.806 सेकंदांवर. वजाबाकी 24.665. आवाजाने दिलेले उत्तर आणि चित्राने दिलेले उत्तर यांत शंभर मिलिसेकंदांचा, सेकंदाला तीस फ्रेम धरल्या तर तीन फ्रेमचा फरक पडला. यात कोणी खोटे बोललेले नाही. वेव्हफॉर्म दोन माइकांपाशी पोचलेले आवाज जुळवतो, प्रसंग जुळवत नाही. टाळी दिसतेही आणि ऐकूही येते, म्हणून हा फरक उघडा पाडणारी ती एकमेव साक्षीदार आहे. माझे या पुस्तकातले म्हणणे थोडक्यात एवढेच आहे, आणि ते एका क्लिकमध्ये बसत नाही.

मग खरे उत्तर कोणते? अंतिम चित्रफितीत आवाज पुढच्या फोनचाच ठेवायचा असेल, आणि तो तसाच ठेवावा, तर चित्राचे उत्तर घ्यायचे. मागच्या फोनची क्लिप आवाजाने जिथे बसवली, तिथून तीन फ्रेम उजवीकडे सरकवायची. सरकवली नाही तर मागच्या चित्रावर पुढचा आवाज 109 मिलिसेकंद उशिरा पडेल. पूर्ण मंडप दिसत असताना ते कोणाच्या लक्षात येणार नाही, कारण ओट्यावर बसलेल्या श्रोत्यालाही कीर्तन तसेच दिसते-ऐकू येते. पण मागून झूम करून तबलजीचे हात जवळ घेतले असतील, तर वादक मंडळी पहिल्याच थापेला मान वर करतील.

इतके झाल्यावर माइक सुरू होतो आणि गणित बदलते. मागच्या फोनपासून 5 मीटरवर खांबाला लाउडस्पीकर टांगलेला आहे. बुवांचा आवाज तारेतून क्षणात तिथे पोचतो आणि तिथून मागच्या फोनकडे यायला त्याला 14 मिलिसेकंद पुरतात. पुढच्या फोनला तोच आवाज समोरून 9 मिलिसेकंदांत मिळतो. म्हणजे कीर्तनभर दोन्ही फोनांमधला आवाजाचा फरक फक्त 5 मिलिसेकंद. माइक नसताना दिलेल्या टाळीचा आवाज जुळवून कीर्तन ऐकले, तर बुवांचे प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येईल, 95 मिलिसेकंदांच्या अंतराने. उलट निरूपणावर वेव्हफॉर्म जुळवला, तर उत्तर जवळपास चित्राच्या उत्तराशी येऊन मिळते. मंडपात लाउडस्पीकर असेल तेव्हा फोनपासून बुवा किती लांब आहेत हे विचारायचे नाही. सर्वांत जवळचा स्पीकर किती लांब आहे, हे विचारायचे. टाळीही शक्यतो सुरू असलेल्या माइकसमोरच द्यावी. काही डिजिटल मिक्सरांत आणि बिनतारी माइकांत थोडा उशीर होतोच, आणि पुढच्या फोनला आवाज समोरून मिळत असल्याने तो फक्त मागच्याच्या हिशेबात वाढतो.

टाळी कशी द्यावी यावर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. इथे इतकेच, की दोन्ही फोनांना हात दिसले पाहिजेत, हात आधी चांगले लांब न्यावेत, एकदाच वाजवावी आणि मग हात तसेच जोडून क्षणभर स्थिर ठेवावेत. ओळीने तीन टाळ्या दिल्या तर तोच ठेक्याचा घोळ होतो. संगणकावर टाळीचा वेव्हफॉर्म मोठा करून पाहिला, की सपाट रेषेतून एकदम उभी भिंत उठलेली दिसते आणि तिच्यामागे विरत जाणारी झालर. खूण भिंतीच्या पायथ्याशी करायची, सर्वांत उंच टोकाशी नाही. दगडी सभामंडपात भिंतीवरून परतलेला आवाज कधी कधी मूळ आवाजाहून मोठा उमटतो आणि उंच टोक भलतीकडेच असते. चित्रात हात पुसट दिसत असतील, तर हात अजून लांब असलेली शेवटची फ्रेम आणि जोडलेले असलेली पहिली फ्रेम शोधायची. टाळी त्या दोहोंच्या मध्ये पडली. अर्ध्या फ्रेमची शंका राहते आणि ती राहू द्यावी.

दुसरा प्रश्न टिकण्याचा. त्यासाठी कीर्तन संपल्यावर, फोन बंद करण्याआधी, पुन्हा एक टाळी द्यायची. आपल्या उदाहरणात शेवटच्या टाळीवर चित्राची वजाबाकी 24.735 सेकंद आली. सुरुवातीला 24.665 होती. एक तास सत्तेचाळीस मिनिटांत दोन फोन एकमेकांपासून 70 मिलिसेकंद, म्हणजे दोन फ्रेम, सरकले. प्रत्येक फोनमधला स्फटिक आपापल्या गतीने चालतो आणि लाखात एखाद्या भागाचा फरक ही साधी गोष्ट आहे. पाच मिनिटांच्या गाण्यात तो कधी कळणार नाही. दोन तासांच्या कीर्तनात कळतो. यावर क्लिपची गती अगदी बारीक बदलता येते, पण मला त्यापेक्षा कात्री बरी वाटते. पूर्वरंग संपून बुवांना हार घातला जातो, नामाचा गजर होतो, तिथे मागची क्लिप कापायची आणि उत्तररंगासाठी नव्याने जुळवायची. नैसर्गिक विरामात घेतलेला तुकडा दिसत नाही.

याच्याशी हुबेहूब मिळताजुळता दिसणारा, पण कारण पूर्ण वेगळे असलेला आजार म्हणजे बदलता फ्रेमदर. उजेड कमी झाला की बरेच फोन सेकंदाला तीसऐवजी कमी फ्रेम घेऊ लागतात आणि नंतर पुन्हा वाढवतात. संकलनाचे सॉफ्टवेअर मात्र फ्रेम सारख्या अंतराने मांडायला बघते. त्यामुळे समईच्या उजेडात काढलेल्या भागानंतर ओठ आणि शब्द सुटे होतात. निदान करायची रीत अशी : आधी चित्र विसरून दोन्ही फोनांचे आवाज शेवटपर्यंत ताडून पाहायचे. आवाजच एकमेकांपासून सरकत असतील, तर दोष स्फटिकांचा. आवाज जुळलेले आहेत, पण एका फोनचे चित्र त्याच फोनच्या आवाजापासून सुटत आहे, असे असेल तर दोष फ्रेमदराचा. मीडियाइन्फो या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली, की `Frame rate mode` समोर `Variable` लिहिलेले सापडते. मग जुळवणीला हात घालण्यापूर्वी फाइल सारख्या दराची करून घ्यायची :

```
ffmpeg -i maga.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 18 -c:a copy maga_cfr.mp4
```

हा क्रम उलटा केला, आधी जुळवले आणि मग फाइल बदलली, तर सगळे पुन्हा करावे लागते.

जुळणी बरोबर झाली की नाही, हे डोळ्यांपेक्षा हेडफोन लवकर सांगतो. पुढच्या फोनचा आवाज पूर्ण डावीकडे, मागच्याचा पूर्ण उजवीकडे लावायचा. आवाज जुळले असतील तर बुवा डोक्याच्या मधोमध बोलताना ऐकू येतात. थोडा फरक असेल तर ज्या बाजूचा आवाज आधी येतो, तिकडे ते कलतात. फरक मोठा असेल तर प्रतिध्वनी सुरू होतो. ही तपासणी सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशी तीन ठिकाणी करायची. एक आवर्तन चुकलेली जुळणीही इथे लगेच उघडी पडते, कारण ठेका जुळलेला असतो आणि शब्द मात्र भलतेच असतात. तपासणी आटोपली की मागच्या फोनचा आवाज पूर्ण बंद करायचा. दोन्ही चालू ठेवले तर काही मिलिसेकंदांच्या फरकानेसुद्धा आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा होतो, जुळणी कितीही चांगली असली तरी.

हे काम इतक्या बारकाईने करायची गरज आत्ताच का वाटावी, याचे उत्तर या फाइली कोण काढते यात आहे. पूर्वी दोन कॅमेऱ्यांचे चित्रीकरण म्हणजे युनिट, ध्वनिमुद्रक आणि क्लॅप देणारा मुलगा असे. आता गावच्या उत्सवातले कीर्तन, एकांकिकेची रंगीत तालीम, आजोबांची सहस्रचंद्रदर्शनाची मुलाखत, हे सगळे दोन नातेवाइकांच्या खिशातल्या फोनवर टिपले जाते. पुष्कळदा त्या कार्यक्रमाची दुसरी कोणतीही नोंद नसते. त्यात दुसरा फोन फक्त वेगळ्या कोनासाठी नसतो. पुढच्या फोनवर मध्येच कॉल येऊन रेकॉर्डिंग थांबले, तर तेवढी मिनिटे मागच्यातच शिल्लक राहतात आणि ती नेमकी कुठे बसतात हे जुळवणीशिवाय कळत नाही.

पुस्तकाची हद्द त्यावरून ठरली आहे. टाइमकोडची यंत्रे यात जवळजवळ नाहीत, ज्यांच्याकडे ती आहेत त्यांना या पुस्तकाची गरज नाही. सॉफ्टवेअरचे मेनू दाखवले आहेत, पण पाने त्यावर खर्च केलेली नाहीत, कारण ते दरवर्षी जागा बदलतात. प्रत्येक प्रकरण एका ठिकाणाचे आहे : बंद खोली, देवळाचा सभामंडप, उघडे मैदान, हलती मिरवणूक. मिरवणुकीत फोन आणि ताशे दोघेही चालत असतात, त्यामुळे अंतर आणि त्याबरोबर आवाजाचा उशीर क्षणोक्षणी बदलतो. तिथे एकच एक वजाबाकी कधी मिळत नाही, प्रत्येक शॉट वेगळा लावावा लागतो. तो भाग सर्वांत अवघड आहे आणि वाचकाने तो शेवटीच वाचावा.

आकडेमोड सगळीकडे दोन फोनांची आहे. तिसरा फोन असेल तर तो नेहमी पुढच्या, म्हणजे ज्याचा आवाज अंतिम चित्रफितीत राहणार आहे त्याच फोनशी जुळवावा. मागच्याशी जुळवला तर मागच्याच्या जुळणीत राहिलेली अर्धी फ्रेम तिसऱ्याकडे जाते आणि तिथे त्याची स्वतःची अर्धी तिच्यात मिळते.